मॅगव्हीलला टाका मारण्याआधी

गेल्या ऊसहंगामातली गोष्ट. पलूस तालुक्यातल्या एका गावात शेतीशाळा आटोपून मी मोटारसायकलवरून कराडकडे निघालो होतो. दिवस मावळला होता. समोरून उसाची जोड-ट्रॉली आली, तिला वाट द्यायला गाडी डाव्या अंगाला घेतली आणि पुढचं चाक मोरीच्या तुटक्या काठावर दाणकन आपटलं. हँडल हाताला झिणझिण्या आणून गेलं. उतरून पाहिलं, हवा शाबूत होती. देवाचे आभार मानले आणि घर गाठलं.

सकाळी बघतो तर पुढचं चाक जमिनीला टेकलेलं. पंक्चरवाल्याने टायर पाण्यात फिरवला, काटा नाही, खिळा नाही. मग त्याने साबणाचं पाणी चाकाच्या कडेला लावलं तेव्हा एका ठिकाणी मोहरीएवढे बुडबुडे येऊ लागले. टायरातून नव्हे, चाकाच्या धातूतून. फडक्याने पुसून उन्हात धरल्यावर दिसलं, की कडेच्या आतल्या अंगाला केसासारखी एक काळी रेघ आहे. लांबी पाऊण इंचही नसेल.

आता पुढे काय करायचं याचे दोन सल्ले मला तिथल्या तिथे मिळाले. पंक्चरवाला म्हणाला, "साहेब, ट्यूब टाका, झंझट मिटलं." शेजारचा वेल्डर म्हणाला, "ट्यूब कशाला? आर्गनचा एक टाका मारतो, दगडासारखं होतंय बघा." मी शेतीची पदविका घेतलेला माणूस. उसावरची लोकरी मावा कीड ओळखेन, पण धातूतलं मला काय कळणार? तीनशे रुपये दिले आणि टाका मारून घेतला. वर चांदीचा रंगही मारून मिळाला. चाक नव्यासारखं दिसू लागलं.

चार महिन्यांनी पुन्हा हवा कमी होऊ लागली. पंक्चरवाल्याकडे टायर खोलला तेव्हा टाका जागच्या जागी होता, अगदी शाबूत. तडा त्याच्या शेजारून गेला होता, आणि आता तो दोन बोटं लांब होऊन आऱ्याच्या मुळाकडे वळला होता. या चार महिन्यांत मी रोज चाळीसेक किलोमीटर फिरलो होतो. कित्येकदा मागे मुलगा बसलेला असे.

मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत एका ओतशाळेत काम करणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. चाक घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी जे सांगितलं आणि दाखवलं, ते नंतर मी आणखी दोघा-तिघा जाणकारांकडून ताडून पाहिलं. आज आपल्या वाडीवस्तीवर बहुतेक दुचाकींना तारांची चाकं जाऊन मॅगव्हील आली आहेत. दूध घालायला, बाजाराला, पोरांना शाळेत सोडायला, तलाठी-ग्रामसेवकांना चार गावं फिरायला हीच गाडी. म्हणून ती माहिती इथे मांडतो आहे.

आधी नावाचं बघू. मॅग म्हणजे मॅग्नेशियम. पूर्वी शर्यतीच्या मोटारींना मॅग्नेशियमची हलकी चाकं असत, त्यावरून हे नाव पडलं आणि चिकटून राहिलं. आपल्या गाडीचं चाक मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचं असतं. ढोबळमानाने शंभर भागांत सात भाग सिलिकॉन, अर्ध्या भागाहूनही कमी मॅग्नेशियम, बाकी जवळजवळ सगळं ॲल्युमिनियम. ते ठोकून घडवलेलं नसतं, वितळलेला धातू साच्यात भरून ओतलेलं असतं. पुणे जिल्ह्यात शिक्रापूरला अशी चाकं ओतणारा मोठा कारखाना आहे.

ओतीव आणि घडीव यातला फरक आपल्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळा समजावायची गरज नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्याच कुंडल-पलूस भागात किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथून लोखंडी नांगर गावोगाव गेले. बिडाचा भाग दगडावर आपटला तर तुटतो, घडीव लोखंडाचा वाकतो, हे आपल्या आज्या-पणज्यांना तेव्हापासून ठाऊक. जुन्या गाडीचं पत्र्याचं रिम खड्ड्यात वाकायचं, मिस्त्री ते ठोकून तारा आवळून सरळ करायचा आणि गाडी चालायची. मॅगव्हील बिडाइतकं ठिसूळ नाही, थोडं वाकतंही. पण त्याची वाकण्याची शिदोरी तुटपुंजी असते. ती संपली की तडा.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची, आणि हीच मला ठाऊक नव्हती. नुसतं ओतून चाकाला ताकद येत नाही. त्याला पाणी द्यावं लागतं. लोहार विळ्याला पाणी देतो तसंच म्हणा ना. कारखान्यात ओतलेलं चाक भट्टीत सुमारे ५४० अंश सेल्सिअसवर काही तास ठेवतात, मग एकदम पाण्यात बुडवतात आणि त्यानंतर दीडशे-एकशे साठ अंशांच्या मंद आचेवर पुन्हा काही तास मुरवतात. या मुरवण्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉनचे अतिसूक्ष्म कण धातूभर सारखे पसरतात आणि त्यांच्यामुळे चाकाला खरी ताकद येते. विळ्याचं पाणी बुडवताक्षणी चढतं, ॲल्युमिनियमचं मुरताना चढतं, एवढाच फरक.

आता विळ्याची धार यंत्रावर लावताना जास्त तापली, निळी पडली, तर आपण काय म्हणतो? "पाणी उतरलं." तो विळा दिसायला तसाच असतो, पण चार पेंढ्या कापल्या की बोथट. वेल्डिंग करताना मॅगव्हीलचं नेमकं हेच होतं. जिथे टाका मारला तिथे धातू वितळतो, म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास जातो. त्याच्या दोन्ही बाजूंचा बोट-दोन बोटं पट्टा तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापतो. मंद आचेवर मुरवलेलं पाणी एवढ्या आगीत कसं टिकणार? त्या पट्ट्याची ताकद निम्म्यापर्यंत खाली येते. टाका भले मजबूत असो, त्याच्या शेजारचा धातू मऊ पडलेला असतो. माझ्या चाकाचा तडा टाक्यातून न जाता शेजारून का गेला, याचं कोडं इथे सुटलं.

मी विचारलं, मग वेल्डिंगनंतर पुन्हा पाणी देता येत नाही का? ते हसले. म्हणाले, "देता येईल की! पण अख्खं चाक ५४० अंशांवर तापवायचं, बुडवायचं, त्यात ते वेडंवाकडं होणार, मग बेअरिंगचं घर आणि कडा पुन्हा यंत्रावर कापायच्या. त्यापेक्षा नवं चाक स्वस्त पडतं." रस्त्याकडेच्या कुठल्याच दुकानात हे होत नाही. होतं असं कोणी सांगितलं, तर भट्टी दाखव म्हणावं.

आर्गन वेल्डिंग म्हणजे सगळं निर्धोक, असा आपल्याकडे एक समज आहे. साध्या काडीच्या किंवा गॅसच्या वेल्डिंगपेक्षा आर्गन नक्कीच बरं. ॲल्युमिनियमवर हवेमुळे एक पातळ पापुद्रा सतत धरलेला असतो. आतला धातू सहाशे अंशांच्या आसपास वितळतो, पण हा पापुद्रा वितळायला दोन हजारांच्या वर उष्णता लागते. तो टाक्यात अडकला की दोन्ही बाजूंचा धातू एकजीव होत नाही, नुसता एकमेकाला चिकटून बसतो. आर्गन यंत्रावरचा जाणता कारागीर हा पापुद्रा फोडू शकतो. पण चाकाच्या तड्यात वर्षभराची धूळ, शेण, चिखल, टायर बसवताना लावलेला साबण आणि ओल मुरलेली असते. वितळलेलं ॲल्युमिनियम या ओलीतला आणि तेलातला हायड्रोजन वायू शोषून घेतं आणि थिजताना तो बाहेर टाकू बघतं. सगळा निघत नाही. टाका आतून पावासारखा जाळीदार होतो. वरून घासून रंग दिला की कुणाला काय दिसणार?

शिवाय तडा डोळ्याला जिथे संपलेला दिसतो तिथे तो खरा संपत नाही. त्याचं टोक आणखी पुढे, धातूच्या पोटात असतं. वेल्डर दिसतो तेवढाच भाग झाकतो. टाका थंड होताना आकसतो, आजूबाजूचा धातू स्वतःकडे ओढतो आणि ते लपलेलं टोक आणखी उघडतं. म्हणजे काही वेळा टाका मारून आपण तडा मिटवत नाही, पुढे ढकलतो.

आणि त्या टोकावर काम किती पडतं याचा हिशोब मी एका संध्याकाळी बसून केला. माझ्या गाडीच्या अठरा इंची चाकाचा टायरसकट घेर एक मीटर चौऱ्याण्णव सेंटिमीटरच्या आसपास भरतो. म्हणजे एका किलोमीटरला साधारण ५१५ फेऱ्या. प्रत्येक फेरीत चाकाचा तो भाग एकदा भाराखाली येतो आणि एकदा सुटतो. रोज ४० किलोमीटर धरले तर दिवसाला वीस हजारांवर, महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पाच लाखांवर. चार महिन्यांत वीस लाख वेळा मी तो तडा उघडझाप करवला होता. बाइंडिंगची तार चार वेळा इकडेतिकडे वाकवली की तुटते. चाकाला तेवढं वाकावं लागत नाही, पण वीस लाख वेळा म्हणजे थोडंथोडकं नव्हे.

मग शेवटी होतं काय? मागच्या चाकाची हवा गेली तर गाडी लडबडते, माणूस सावरू शकतो. पुढच्या चाकाची कड वेगात तुटली तर बिनट्यूबच्या टायरमधली हवा एका दमात निघते, टायर कडेवरून सुटतो आणि हँडल हातात राहत नाही. तडा आऱ्याच्या मुळापर्यंत गेला असेल तर चाकच दुमडतं. आणि हे बरोबर जोराचा ब्रेक लावताना किंवा खड्ड्यात होतं, कारण सगळ्यात जास्त भार तेव्हाच येतो.

ट्यूब टाकण्याच्या सल्ल्याबद्दलही इथेच बोललं पाहिजे, कारण गावात सगळ्यात जास्त चालणारा इलाज तोच आहे. ट्यूब टाकली की हवा थांबते हे खरं. पण हवा जाणं हे दुखणं नव्हतं, ती दुखण्याची खूण होती. जनावराचा ताप उतरवला आणि गळू तसंच ठेवलं, त्यातली गत. तड्यावर एमसील लावणं, टायरात पंक्चरचं औषध भरणं, हे सगळं त्याच जातीचं. तडा वाढत राहतो, फक्त तो वाढतोय हे सांगणारं कोणी उरत नाही. माझ्या चाकातून हवा गळली म्हणून तरी मी वाचलो, असं मला आता वाटतं.

आता एक धोका असा, की तो गाडी रस्त्यावर येण्याआधीच घात करतो. त्याचा संबंध मॅगव्हीलपुरता नाही. ट्रॅक्टर, ट्रॉली, टँकर, सगळ्यांच्या लोखंडी डिस्कशी आहे. टायर चढवलेला असताना चाकावर कधीही वेल्डिंग करू नये, गॅसने तापवूही नये. आपल्याकडे ट्रॉलीच्या डिस्कचं भोक मोठं झालं किंवा चीर पडली, की ट्रॉली जॅकवर उचलतात आणि तिथल्या तिथे टाका मारतात. टायर खोलायचा कंटाळा. वेल्डिंगच्या आचेने आतलं रबर भाजतं, त्यातून जळाऊ वायू सुटतो आणि तो टायरच्या बंद पोकळीत साठतो. आधीच भरलेल्या हवेचा दाब वाढतो तो वेगळाच. एका क्षणी हे सगळं पेट घेतं आणि टायर सुरुंगासारखा फुटतो. डिस्क माणसाच्या अंगावर येते. अशा स्फोटांत माणसं मेल्याच्या घटना जगभर नोंदलेल्या आहेत.

"हवा सोडली होती की!" असं पुष्कळ जण म्हणतात. नुसती हवा सोडून भागत नाही, व्हॉल्व्हची पिन काढूनही भागत नाही. टायर कडेला घट्ट बसलेला असेल तर आत पोकळी असतेच, आणि वायू साठायला तेवढी पुरते. वेल्डिंग थांबवल्यावर काही वेळाने टायर फुटल्याचेही प्रकार झाले आहेत. म्हणून टायर डिस्कवरून पूर्ण उतरवून बाजूला ठेवायचा, मगच आग जवळ आणायची. ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टँकरचं किंवा ट्रॅक्टरचं काम सांगणाऱ्यांनी ही एक अट वेल्डरला तोंडी का होईना घालावी. वेल्डर बहुधा आपल्याच गावचा पोरगा असतो.

आता तडा नाही, नुसतं चाक वाकलंय, ही गोष्ट घेऊ. रस्त्याकडेला "मॅगव्हीलचा आउट काढून मिळेल" अशा पाट्या दिसतात. तिथे सहसा दोन पद्धती असतात. एक, गॅसची ज्योत मारून चाक तापवायचं आणि लाकडी ठोकळा ठेवून हातोड्याने ठोकायचं. दुसरी, तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसने थंडपणी हळूहळू दाबायचं.

पहिल्या पद्धतीत मोठी फसगत अशी, की लोखंड तापलं की लाल होतं आणि किती तापलं ते लोहाराला दिसतं, ॲल्युमिनियम लाल होत नाही. पांढरंच राहतं आणि एकदम ढासळतं. म्हणून जुने कारागीर साबणाची रेघ ओढतात. रेघ काळी पडली की धातू मऊ झाला असं समजतात. ॲल्युमिनियमचं पातेलं किंवा पत्रा सरळ करायला ही युक्ती अगदी बरोबर आहे, कारण पातेल्याला मऊ करायचंच असतं. पण साबण काळा पडतो तोवर धातू साडेतीनशे-चारशे अंशांच्या घरात गेलेला असतो. म्हणजे चाकाचं पाणी उतरलेलं असतं. असं चाक सरळ होतं, सुंदर फिरतं, आणि पुढच्या खड्ड्यात पहिल्यापेक्षा लवकर वाकतं. चाक "पुन्हा-पुन्हा तिथेच वाकतंय" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी किती जणांचं चाक आधी ज्योतीवर धरलेलं होतं, हे त्यांनाच विचारून बघावं.

थंडपणी दाबण्यातही जोखीम आहे. वाकताना धातूने आपली थोडी शिदोरी खर्च केलेली असते, परत सरळ करताना उरलेली खर्च होते. कधी कधी चाक सरळ होतं आणि दाबलेल्या जागेच्या पाठीमागे बारीक चीर पडते. म्हणून सरळ केलेलं चाक तपासल्याशिवाय घेऊ नये.

मग कारागिराकडून दुरुस्ती कधी चालेल? मी चौकशी करून जे मत बनवलं ते सांगतो. चाक बनवणाऱ्या कंपन्यांचं सरसकट म्हणणं असं असतं की वाकलेलं किंवा तडकलेलं चाक बदला. दुचाकींच्या माहितीपुस्तकांत चाकाच्या डगमगीची हद्द बहुतेक ठिकाणी दोन मिलिमीटर दिलेली असते, आडवी आणि उभी दोन्ही. तेवढ्या हद्दीत असेल तर काहीच करू नये, ठोकायचा मोह टाळावा. त्याहून मिलिमीटर-दोन मिलिमीटर जास्त असेल, बाक फक्त टायर बसतो त्या बाहेरच्या ओठाला असेल, आऱ्याच्या जोडापासून लांब असेल आणि तडा नसेल, तर प्रेस असलेल्या चांगल्या दुकानात ते सरळ करून घ्यायला हरकत वाटत नाही. तिथे टायर, ब्रेकची चकती आणि बेअरिंग काढून काम करतात. डायल लावून आधीचं आणि नंतरचं माप दाखवतात. धातू जरासा कोमट करायचा झालाच तर दीडशे अंशांच्या आत, तापमापकाने मोजून करतात. आणि शेवटी तडा-तपासणी करून देतात. यातलं काही होत नसेल तर ते दुकान दुरुस्तीचं नव्हे, रंगकामाचं समजावं. ओरखडे, कडेला दगड घासून पडलेले वरवरचे व्रण, उडालेला रंग, ही कामं खुशाल करावीत. त्यात चाकाच्या जिवाला धोका नाही.

तडा असेल तर दुचाकीच्या चाकाला वेल्डिंग नको. पुढच्या नको, मागच्याही नको. मोटारीच्या चाकाबाबत मोठ्या शहरांतली काही दुकानं वेल्डिंग करतात, तेही एका परिस्थितीत: तडा लहान असावा, चाकाच्या आतल्या अंगाच्या ओठावरच असावा आणि जिथे टायर घट्ट बसतो त्या बैठकीपर्यंत पोचलेला नसावा. अशा वेळी तड्याच्या खऱ्या टोकाशी भोक पाडतात, तडा पूर्ण कोरून काढतात, धातू लख्ख साफ करून आर्गनने भरतात आणि नंतर तपासतात. एवढं करूनही उतरलेलं पाणी परत येत नाही, हे वर आलंच आहे. आऱ्याला, मधल्या तुंब्याला किंवा बोल्टच्या भोकांजवळ तडा असेल तर जगातला कोणताही प्रामाणिक कारागीर हात लावणार नाही. जर्मनीत तर वरवरचे व्रण ठराविक खोलीपर्यंत घासण्यापलीकडे, म्हणजे चाक तापवायला, सरळ करायला किंवा वेल्ड करायला तिथले तपासनीस मान्यता देत नाहीत. आपण तेवढे कडक नसू, पण आपले रस्ते त्यांच्यापेक्षा मऊ आहेत असंही नाही.

तडा-तपासणी म्हणजे काय ते मला ओतशाळेत करून दाखवलं. घरीही जमण्यासारखं आहे. तीन फवाऱ्यांचे डबे मिळतात: एक साफ करायचा, एक लाल रंगाचा, एक पांढऱ्या भुकटीचा. यंत्रसामानाच्या दुकानात मागितले तर मिळतात. टायर काढून संशयाच्या जागेवरचा रंग घासून काढायचा. वाळूचा मारा करून काढू नये, त्याने तड्याचं तोंड बुजतं. मग साफ करून पूर्ण वाळू द्यायचं. लाल फवारा मारून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, म्हणजे रंग चिरेत शिरतो. वरचा रंग कोरड्या फडक्याने, मग साफ करायच्या द्रवात भिजवलेल्या फडक्याने पुसायचा. द्रव थेट चाकावर फवारायचा नाही, नाहीतर चिरेतला रंगही धुऊन जातो. शेवटी पांढऱ्या भुकटीचा पातळ थर. थोड्याच मिनिटांत चिरेतला लाल रंग वर झिरपतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. माझ्या चाकावर टाक्याच्या डाव्या बाजूने निघालेली रेघ अशी उमटली, की जणू कोणी कुंकवाची काडी ओढली. डोळ्याला दिसत होती त्यापेक्षा ती बोटभर जास्त लांब होती.

एवढं करणं जमत नसेल तर निदान मोठ्या दणक्यानंतर चाक धुऊन, वाळवून, उन्हात आतून-बाहेरून नीट बघावं. आरा जिथे कडेला मिळतो तिथे विशेष. टायरात हवा असताना कडेवर साबणाचं पाणी सोडावं. पंक्चर सापडत नसताना आठवड्याला हवा भरावी लागत असेल तर संशय चाकावर घ्यावा. डगमग बघायला गाडी मधल्या स्टँडवर घेऊन चाक अधांतरी करावं, स्क्रू-ड्रायव्हरचं टोक कडेपासून काडीभर अंतरावर घट्ट धरावं आणि चाक हाताने हळू फिरवावं. अंतर कुठे कमी-जास्त होतं ते लगेच कळतं.

जुन्या बाजारातलं चाक घेताना टायर काढून आतला भाग पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. बाहेरून नवा रंग आणि आत घासल्याच्या खुणा, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली धातूची पट्टी, किंवा एकाच जागी जाड रंग दिसला, तर ते चाक माझ्या चाकाचा भाऊ आहे. नवं घेताना आयएसआय खूण पाहावी. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या चाकांसाठी आयएस १६१९२ हे भारतीय मानक असून त्याचा पहिला भाग दुचाकी-तिचाकींचा आहे.

माझ्या गाडीचं पुढचं नवं चाक बेअरिंग आणि मजुरीसकट साडेतीन हजारांच्या आत बसलं. तीनशे रुपये टाक्याचे आधीच गेले होते. जुनं चाक भंगारवाला उचलायला आला तेव्हा म्हणाला, "साहेब, ह्याला रंग मारला की हजाराला जातंय, मला द्या." मी शेजाऱ्याकडून हॅक्सॉ आणला, दोन ठिकाणी आरपार कापून त्याचे दोन तुकडे केले आणि मग किलोच्या भावाने त्याच्या वजनकाट्यावर ठेवले.